अठरा तारखेचा खेद

सीमंतिनी पाटणकर आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. मी त्याच कॉलेजची ग्रंथपाल. सतरा वर्षं आम्ही जेवणाचा डबा एकत्र उघडतो, त्यामुळे तिच्याबद्दल बोलायचा थोडाफार हक्क मला आहे असं मी समजते.

वय त्रेचाळीस, लग्न केलेलं नाही. ग्वाल्हेरच्या माधवगंजात दोन खोल्यांत ती आणि तिची आई विमलकाकू राहतात. बाई कामाला पक्की. परीक्षेच्या दिवसांत कुठला व्होल्टमीटर बिघडलाय आणि कुठल्या लेन्सला ओरखडा आहे हे तिला तोंडपाठ असतं. बोलणं मात्र आमच्या सगळ्यांसारखंच, अर्धं मराठी आणि अर्धं हिंदी. चिडली की पूर्ण हिंदी.

चार वर्षांपूर्वी तिनं मूल दत्तक घेण्यासाठी सरकारी पोर्टलवर नाव नोंदवलं होतं. हे कॉलेजात कुणालाच ठाऊक नव्हतं, मलासुद्धा. समाजसेविका घरी येऊन गेली, अहवाल झाला, आणि मग नुसती वाट पाहणं. "लोक विचारत राहतात गं, आलं का, आलं का," असं ती नंतर मला म्हणाली. "परीक्षेच्या निकालासारखं मला ते नको होतं."

गेल्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिच्या मोबाइलवर एका मुलीचा फोटो आला. वय दोन वर्षं आठ महिने, ठिकाण इंदूर. होय किंवा नाही हे अठ्ठेचाळीस तासांत कळवायचं होतं. सीमंतिनीनं अठ्ठेचाळीस मिनिटंही घेतली नाहीत.

शुक्रवारी, सात तारखेला, तिनं दहा ते बारा अशी तीन दिवसांची नैमित्तिक रजा टाकली. कारण लिहिलं, 'घरगुती काम'. त्या वेळी आमच्याकडे प्रभारी प्राचार्य होते. त्यांनी तिथल्या तिथे 'स्वीकृत' लिहून सही केली, आणि तिनं सवयीप्रमाणे अर्जाचा फोटो काढून ठेवला. रविवारी रात्रीच्या गाडीनं ती निघाली.

इंदूरला संस्थेच्या समितीपुढे बोलणं झालं, मुलीचे वैद्यकीय कागद वाचून सह्या झाल्या, आणि बारा तारखेला मुलगी तिच्या हवाली झाली. त्याच दुपारी पोरीला ताप चढला. कान दुखत होता. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, औषध सुरू करा, आणि पाच दिवस प्रवास नको.

सीमंतिनी संस्थेजवळच्या धर्मशाळेत एक खोली घेऊन राहिली. त्याच संध्याकाळी, मांडीवर तापलेली पोर आणि हातात मोबाइल अशा अवस्थेत, तिनं कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर अर्ज पाठवला. तेरा ते सतरा अर्जित रजा मिळावी, डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. अर्ज गेला तसं तिचं मन मोकळं झालं आणि ती पोरीच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत बसली.

इकडे कॉलेजात मात्र बरंच काही झालं होतं. बारा तारखेलाच नव्या प्राचार्या रुजू झाल्या होत्या, डॉ. कुशवाह मॅडम. त्या आदल्या कॉलेजात शिस्तीसाठी नावाजलेल्या. आस्थापना शाखेचा बाबू उत्कर्ष, जो कॉलेजचा ईमेल उघडतो, तो अकरा तारखेपासून मतदार यादीच्या कामावर गेला होता. त्यामुळे ईमेल कुणी उघडलाच नाही. तीन दिवसांच्या रजेचा अर्ज जुन्या प्रभारींच्या टेबलावरच्या फाईलमध्ये राहिला. मॅडमनी हजेरी रजिस्टर मागवलं. सीमंतिनीच्या नावापुढे दहा तारखेपासून कोऱ्या चौकटी.

एकोणीसला ती कामावर हजर झाली. तोंडावर असं काही तेज की मी विचारलं, "काय गं, सोन्याचा हंडा सापडला का?" ती नुसती हसली. दुसऱ्या दिवशी उत्कर्षनं तिच्या हातात लिफाफा ठेवला.

"ताई, ये रिसीव कर लीजिए. मी कालच परत आलोय, मॅडमनी डिक्टेट केलं, मी फक्त टाईप केलं. कसम से."

कारणे दाखवा नोटीस होती. आपण दिनांक दहा ते अठरा नोव्हेंबर या काळात कोणतीही सूचना न देता, सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय कर्तव्यावर अनुपस्थित राहिलात. हे वर्तन स्वेच्छाचारी असून सेवा नियमांच्या विरुद्ध आहे. या काळाचे वेतन का रोखू नये आणि आपल्यावर अनुशासनात्मक कारवाई का करू नये, याचे उत्तर सात दिवसांत द्यावे, न दिल्यास एकतर्फी निर्णय घेतला जाईल.

सीमंतिनीनं ती दोनदा वाचली आणि ग्रंथालयात माझ्यासमोर येऊन बसली. त्या दिवशी मला सगळं कळलं, मुलीचा फोटोसुद्धा तेव्हाच पाहिला. आधी नोटीस वाचली आणि मग फोटो, त्यामुळे रडावं की हसावं हे मला ठरवता येईना.

"स्वेच्छाचारी," ती म्हणाली. "सतरा साल में एक भी दिन बताओ. दाखवतेच मी यांना."

तिनं कसं दाखवायचं ठरवलं होतं ते शनिवारी कळलं. तिनं चार पानी उत्तर लिहून काढलं होतं. ते घेऊन ती महिपतरावांकडे गेली, मीही सोबत गेले.

महिपतराव जाधव दाना ओली नावाच्या जुन्या गल्लीत राहतात. सिंचन खात्यातून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले, त्याला आता अकरा वर्षं झाली. सीमंतिनीच्या वडिलांचे ते मित्र. नोकरीत असताना त्यांनी शेकडो नोटिसा काढल्या आणि शेकडो उत्तरं वाचली. खाली साड्यांना फॉल लावणाऱ्याचं दुकान, वर ते. आम्ही गेलो तेव्हा ते मटार सोलत होते.

त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि चारही पानं शांतपणे वाचली.

"छान लिहिलंयस," ते म्हणाले. "आता हे फाडून टाक."

"का काका? एक शब्द खोटा नाही त्यात."

"खोटा नाही, पण निम्मे शब्द कामाचे नाहीत. पहिल्या पानावर तू मॅडमना नोकरी शिकवतेयस. दुसऱ्यावर बिचाऱ्या बाबूला धुतलंयस, आणि त्यानं फक्त टाईप केलंय. तिसऱ्यावर तुझं मन कसं दुखावलं ते आहे. तारखा कुठायत? चौथ्या पानावर, शेवटून तिसऱ्या ओळीत. मी त्या खुर्चीत असतो तर तिथपर्यंत पोचलोच नसतो."

सीमंतिनीचा चेहरा पडला. महिपतरावांनी तिच्यासमोर कोरा कागद ठेवला.

"नोटिशीत किती दिवस आहेत?"

"नऊ."

"खाली खाली नऊ तारखा लिही. प्रत्येक तारखेपुढे दोन गोष्टी. त्या दिवशी परवानगी किंवा अर्ज होता का, आणि त्याचा कागद तुझ्याकडे आहे का."

ती लिहीत गेली. दहा, अकरा, बारा: मंजूर रजा, अर्जाचा फोटो आहे. तेरा, चौदा, पंधरा, सतरा: ईमेल बारा तारखेला संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी, डॉक्टरांचं प्रमाणपत्र. सोळाला रविवार. अठरापुढे तिचा पेन थांबला.

"अठराला काय?" महिपतरावांनी विचारलं.

"अठराला सकाळी आम्ही ग्वाल्हेरला पोचलो."

"मग कॉलेजात का नाही गेलीस?"

तिनं पेनाचं टोपण लावलं. मग सीमंतिनी म्हणाली, "काका, मी विसरले."

"म्हणजे?"

"म्हणजे सचमुच विसरले. घरी आलो, आईनं ओवाळलं. पोरीनं चपलांचा रॅक पाहिला. त्यातल्या सगळ्या चपला तिनं एकेक करून बाहेर काढल्या, भिंतीला लावून ओळ केली, आणि प्रत्येक जोडी मला घालून दाखवायला लावली. मग आईला. मग पुन्हा मला. मग ती गॅलरीत जाऊन कबुतरांना ओरडली. मग तिनं वरणभात खाल्ला, इंदूरला ती नीट जेवतच नव्हती. जेवताजेवता माझ्या मांडीवर झोपली. मी हललेच नाही. संध्याकाळी दिवा लावताना आई म्हणाली आज मंगळवार, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आज ऑफिस होतं."

महिपतरावांनी चष्मा काढला, तो बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "आता हे असं लिहिता येणार नाही."

"मग काय लिहू? तब्येत बरी नव्हती असं लिहू? आई तेच म्हणत होती. कुणीही डॉक्टर एक दिवसाचं देईल."

"नाही." महिपतराव एकदम अधीक्षक झाले. "आठ दिवस तुझे खरे आहेत. त्यात एक खोटा घातलास की आठही संशयाचे होतात. अठराला अर्ज दिला नाही हे तुझं चुकलं. तेवढं चुकलं असं लिहायचं. चूक एका दिवसाची, तर खेदही एका वाक्याचा. आठ दिवसांची माफी मागायची नाही, कारण ते आठ दिवस चुकीचे नव्हतेच."

विमलकाकूंचं म्हणणं वेगळं होतं. रविवारी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्या सांगत होत्या, "हात जोडून लिही बाई. सरकारी नोकरी आहे. आता पदरात लेकरू आहे." लेकरू, म्हणजे यशश्री, हे तिचं घरचं नाव, माझ्या पर्समधला कंगवा काढून माझेच केस विंचरत होती.

"आई, हात जोडले की त्यांना वाटेल मी सगळंच कबूल केलं," सीमंतिनी म्हणाली. आदल्या दिवशीचा धडा तिनं घेतला होता.

एक गोष्ट मात्र तिला अडत होती. मुलीबद्दल लिहायचं की नाही? फाईल सहा हातांतून जाते. आणि दत्तक मुलाची ओळख उघड करायची नाही असा कायदाच आहे, संस्थेनं तिला तसं बजावूनही सांगितलं होतं. तिनं महिपतरावांना फोन लावला. ते म्हणाले, "कारण लिहावंच लागेल, नाहीतर उत्तर अधुरं राहील. पण नाव, संस्था, फोटो काही नको. मूळ कागद समक्ष दाखवीन असं लिही. ते हक्कानं लिही."

सोमवारी सकाळी तिनं उत्तर मला वाचून दाखवलं. मूळ हिंदीत, आमच्याकडे सगळा कारभार हिंदीतच चालतो. मराठीत ते साधारण असं होतं.

'महोदया,

आपल्या दिनांक १९ नोव्हेंबरच्या नोटिशीच्या संदर्भात पुढील वस्तुस्थिती सादर करते.

दिनांक १० ते १२ नोव्हेंबर या तीन दिवसांची नैमित्तिक रजा तत्कालीन प्रभारी प्राचार्यांनी ७ नोव्हेंबरला मंजूर केली होती. मंजूर अर्जाची प्रत सोबत जोडली आहे.

मी कायदेशीर प्रक्रियेने एक मूल दत्तक घेत आहे. बारा तारखेला बाळ आजारी पडल्याने व डॉक्टरांनी प्रवासास मनाई केल्याने मला ठरल्याप्रमाणे परतता आले नाही. दिनांक १३ ते १७ साठी अर्जित रजेचा अर्ज मी १२ नोव्हेंबरला सायंकाळी ६.४० वाजता महाविद्यालयाच्या अधिकृत ईमेलवर पाठवला. ईमेलची व वैद्यकीय प्रमाणपत्राची प्रत सोबत आहे. १६ तारखेला रविवार होता. त्यामुळे मी कोणतीही सूचना न देता अनुपस्थित राहिले हे विधान या दिवसांबाबत वस्तुस्थितीला धरून नाही, असे नम्रपणे नमूद करते.

दिनांक १८ रोजी मी अर्ज दिला नाही व कळवलेही नाही. ही माझी चूक आहे, तिचा मला खेद आहे.

माझी अनुपस्थिती स्वेच्छाचारी नव्हती. माझ्या सतरा वर्षांच्या सेवेत अशी तक्रार यापूर्वी झालेली नाही. तरी १३ ते १८ नोव्हेंबरचा काळ अर्जित रजा म्हणून मंजूर करावा व नोटीस निकाली काढावी, ही विनंती. बाळाची ओळख गोपनीय ठेवणे कायद्याने बंधनकारक असल्याने दत्तक प्रक्रियेचे मूळ कागद मी आपणास समक्ष दाखवीन. त्यांच्या प्रती फाईलमध्ये ठेवू नयेत.'

एक पान, मागे तीन कागद जोडलेले. मी म्हटलं, "खेद जरा कोरडा नाही का वाटत?"

"महिपतकाकांनी एक शब्दसुद्धा वाढवू दिला नाही."

आवक शाखेत तिनं पत्र दिलं आणि आपल्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतली. ही काकांची शेवटची सूचना. पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही.

उत्कर्षनं पत्र वरवर वाचलं आणि तो उभाच राहिला. "ताई, मेल? बारा को?" त्यानं तिथेच संगणक उघडला. न वाचलेले त्रेसष्ट ईमेल होते. विद्यापीठाची परिपत्रकं, फर्निचरच्या जाहिराती, आणि त्यांच्यामध्ये सीमंतिनी पाटणकर, अर्जित रजेबाबत. त्यानं कपाळाला हात लावला. "मी मतदार यादीवर होतो. जाताना पासवर्ड कुणाला तरी द्यायला हवा होता. गलती मेरी है ताई."

"तुझी एकट्याची नाही," ती म्हणाली. "एक दिवस माझाही आहे."

उत्कर्षनं तो ईमेल छापला, त्यावर आपल्या हातानं लिहिलं की हा अर्ज बारा तारखेलाच आलेला आहे, आणि पत्रासोबत आत नेऊन दिला. त्या पोराचं मला कौतुक वाटलं. गप्प बसला असता तरी कुणी विचारलं नसतं.

बुधवारी मॅडमनी सीमंतिनीला बोलावलं. तिच्या सांगण्यावरून मीही गेले.

कुशवाह मॅडम बारीक आवाजात बोलतात, त्यामुळे समोरच्याला जास्तच नीट ऐकावं लागतं. त्यांनी पत्र पुढे ठेवलं होतं आणि त्यावर पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. सीमंतिनीनं मूळ कागदांचा लिफाफा दिला. मॅडमनी तो उघडला, दोन कागद पाहिले, तिसरा पाहिलाच नाही, आणि लिफाफा परत दिला.

"तुम्ही मला आधी येऊन हे का नाही सांगितलंत?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"मॅडम, मी एकोणीसला हजर झाले तेव्हा सांगणारच होते. पण आपण बैठकीत होतात, आणि दुसऱ्या दिवशी नोटीस आली. मग लेखीच द्यावं असं वाटलं."

मॅडमनी मान हलवली. "रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी रजिस्टर पाहिलं आणि चौकटी कोऱ्या. मला चौकशी करायला हवी होती, ती मी केली. पण फाईल नीट शोधायला सांगायला हवं होतं." मग त्या अठरा तारखेवर आल्या. "इथे फक्त 'चूक आहे' लिहिलंय. कारण का नाही?"

सीमंतिनीनं माझ्याकडे पाहिलं. मग सरळ सांगून टाकलं. चपला, कबुतरं, वरणभात, मांडीवरची झोप.

मॅडम ऐकत होत्या, चेहऱ्यावर काही हलत नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "कितने जोड़े थे?"

"अकरा, मॅडम. तीन वडिलांच्या वेळचे."

मॅडम हसल्या. त्या खुर्चीत बसल्यापासून पहिल्यांदाच, असं उत्कर्ष नंतर म्हणाला. तो दाराशी फाईल घेऊन उभा होता आणि हसू दाबण्याच्या नादात त्याच्या हातातून पंचिंग मशीन पडलं.

शुक्रवारी आदेश निघाला. स्पष्टीकरण समाधानकारक आढळल्याने दिनांक तेरा ते अठरा नोव्हेंबर हा काळ अर्जित रजा म्हणून मंजूर. अठरा तारखेबाबत भविष्यात पूर्वसूचना देण्याची दक्षता घ्यावी. नोटीस नस्तीबद्ध, म्हणजे प्रकरण बंद. वेतन कापलं गेलं नाही, सेवापुस्तकात काही चढलं नाही. त्याच आदेशाखाली मॅडमनी आणखी एक ओळ घातली होती: महाविद्यालयाचा ईमेल रोज सकाळी दोन कर्मचाऱ्यांनी पाहावा.

सीमंतिनी आदेश घेऊन थेट दाना ओलीत गेली. महिपतरावांनी तो उभ्यानं वाचला, 'समाधानकारक' या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा शब्द मी आयुष्यात फार कमी लोकांना दिला." मग त्यांनी खालच्या दुकानदाराला हाक मारून कोपऱ्यावरून कचोऱ्या मागवल्या. मोजून आठ. चार त्यांनी स्वतः खाल्ल्या.

सोमवारी स्टाफरूममध्ये तिनं स्वतःच सगळ्यांना सांगितलं की घरी मुलगी आली आहे. चार वर्षं ज्या प्रश्नांची तिला भीती होती ते प्रश्न आलेच, पण भलतेच निघाले. किती दात आलेत? पोहे खाते का? फ्रॉकचं माप काय? रसायनशास्त्राच्या सीनिअर मॅडम, ज्या आमच्याशी फारसं बोलत नाहीत, त्यांनी दुसऱ्या दिवशी आपल्या नातीचे सोळा फ्रॉक धुऊन, इस्त्री करून आणले. वनस्पतिशास्त्राच्या सरांनी तीनचाकी सायकल आणली, तिची घंटी तेवढी बिघडलेली. शिपाई सूर्याजीच्या बायकोनं बाजरीचे लाडू पाठवले आणि उत्कर्षनं एका भल्यामोठ्या डब्यात रंगीत खडू.

कॉलेज सुटल्यावर हे सगळं सामान घेऊन ती गेटवर ऑटो शोधत उभी होती. सायकल मी धरली होती. ऑटोवाल्यानं सामान बघून विचारलं, "मॅडम, शिफ्टिंग है क्या?"

"हाँ भैया," सीमंतिनी म्हणाली, आणि फ्रॉकचं गाठोडं मांडीवर घेऊन आत बसली.